दोन पाळ्यांमधील रक्तस्राव : गोळीमुळे की पॉलिपमुळे?

अंबरनाथला राहणाऱ्या आमच्या एकतीस वर्षांच्या पुतणीने संततिनियमनाची गोळी सुरू केली आणि दोन पाळ्यांच्या मध्येच रक्ताचे डाग दिसू लागले. ‘गोळीमुळेच असेल’, असे घरातील स्त्रियांनी ठरविले. ते अवास्तव नव्हते. पहिले तीन महिने गर्भाशयाचे अस्तर नव्या संप्रेरकांना सरावत असते. तोवर असे डाग पुष्कळ जणींना पडतात. गोळी चुकली किंवा उलट्या-जुलाबांनी ती अंगी लागली नाही, तरीही पडतात.

चौथ्या महिन्यातही डाग थांबले नाहीत, शिवाय पतिपत्नी-संबंधानंतरही रक्त दिसले. हे दुसरे लक्षण तर तीन महिने थांबण्याजोगेही नसते. उल्हासनगरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी गोळी न बदलता प्रथम गर्भधारणेची लघवी-तपासणी केली, मग गर्भाशयमुख पाहून तेथील पेशींचा नमुना आणि जंतुसंसर्गाची चाचणी घेतली. सर्व निर्दोष. पुतणीने बदलापूरला माहेरी असताना डागांच्या तारखा वहीत मांडल्या होत्या (व्यापाऱ्याची लेक!), त्यांचा फार उपयोग झाला.

सोनोग्राफी मात्र पाळी संपताच करविली. त्या वेळी अस्तर पातळ असते. पुढे ते जाड झाले की लहान पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मऊ कोंब, त्यात लपून जातो. सुमारे एक सेंटिमीटरचा पॉलिप दिसला. दुर्बिणीने तो देठासकट काढून तपासणीस पाठविला. या वयात तो बहुधा साधाच असतो, तरी खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. अहवाल साधा आला. गोळी तीच चालू आहे.