थर्मास चहा गार करतोय? आधी हात लावून बघा

आजचा विषय दारव्ह्याहून आलाय. कापूस वेचणीला मामा-मामी पहाटे दोन स्टीलचे थर्मास भरून नेतात. एकातला चहा नऊपर्यंत कोमट, दुसऱ्यातला पार गार. मामांचं म्हणणं, "दोन्ही फेकून नवे घेऊ." मी म्हटलं, थांबा जरा, आधी उष्णता जाते कुठून ते शोधू. आमच्या भाषेत, डीबगिंग.

थर्मासला स्टीलच्या दोन भिंती असतात आणि मधल्या फटीतली हवा काढून टाकलेली असते. हवाच नाही, तर उष्णता बाहेरच्या भिंतीपर्यंत नेणार कोण? पण थर्मास आपटला किंवा जोड कुठे केसाएवढा चिरला, की हवा आत शिरते. गंमत म्हणजे थोडीशी हवाही बराचसा खेळ बिघडवते, ती पूर्ण भरायची गरज नसते.

मग चाचणी अशी. सावलीत बसा, कारण उन्हात तापलेलं स्टील फसवतं. उकळतं पाणी भरा, झाकण लावा, दहा मिनिटं थांबा आणि मधल्या पोटाला हात लावा. तोंडाजवळचा दोन बोटांचा भाग सोडून द्या. तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात, त्यामुळे चांगल्या थर्मासचाही तो भाग कोमट लागतो.

मामींच्या थर्मासचं पोट चटका बसेल इतकं तापलं. तासाभरात ९५ अंशांचं पाणी ७८ वर आलं. म्हणजे निर्वात थर गेला. हा घरी दुरुस्त होत नाही, एम-सील लावूनही नाही. चीर बुजली तरी आत शिरलेली हवा काढणार कशी? तो आता पाण्याची बाटली म्हणून वापरात आहे.

मामांच्या थर्मासचं पोट मात्र गारच. झाकणावर स्टीलची थंड वाटी उपडी धरली, तर आतून वाफेचे थेंब. म्हणजे गळती बुचाजवळ. बुचाची रबरी रिंग काढली तर ती चपटी, कडक आणि दुधाच्या थराने चिकट झालेली. नुसती धुवून उपयोग झाला नाही. जुनी रिंग सोबत नेऊन त्याच व्यासाची, त्याच जाडीची नवी आणली. आधी तासाला ९५ चे ८८ होत होते, आता ९१ राहतात. बूच फिरवताना शेवटी जरा जोर लागतो, ही रिंग नीट बसल्याची खूण.

काही जण बर्फाचं पाणी भरून बाहेर घाम फुटतो का ते बघतात. पावसाळ्यात ठीक आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की बिघडलेला थर्मासही कोरडाच राहू शकतो. तेव्हा उकळत्या पाण्याचीच चाचणी धरा. आणि हो, उकळतं पाणी भरलेला थर्मास गळती बघायला उलटा करू नका, त्यासाठी नळाचं साधं पाणी वापरा.