तीन मिनिटांचा हिशेब

जहाजावर रात्री आठ ते बारा हा पहारा सहसा थर्ड ऑफिसरचा असतो. टक्कर थोडक्यात टळली, तर अहवालही तोच लिहितो. एक नमुना पाहू.

अरुंद खाडीमार्गात, 22:40 वाजता, उजवीकडे चाळीस अंशांवर एका लहान बोटीचा लाल दिवा दिसतो. अंतर दीड सागरी मैल. तीन मिनिटांनी अंतर पाऊण मैलावर येते, पण दिशा तीच राहते. अंतर घटते आणि दिशा बदलत नाही, म्हणजे टक्कर होणार.

खुल्या समुद्रात अशा वेळी मोठे जहाजच उजवीकडे वळून वाट देते. इथे उजवीकडे उथळ पाणी आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम क्रमांक 9 सांगतो की, अरुंद मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला आडवे जाऊन लहान बोटीने अडवू नये. अधिकारी भोंग्याचे पाच छोटे आवाज देतो, कॅप्टनला बोलावतो, इंजिनाचा वेग कमी करतो. बोट वळते.

‘बोटवाला बेफिकीर होता’ असे अहवालात लिहून काहीच कळत नाही. वेळ, दिशा आणि अंतर लिहिले, तर प्रश्न उभा राहतो: भोंगा 22:41 लाच का वाजला नाही? पुढच्या पहाऱ्याला उपयोगी पडतो तो हाच प्रश्न.