एक पाऊस, तीन वाक्यं

आठवी-नववीच्या व्याकरणाच्या वहीत एक प्रश्न हमखास असतो : वाक्याचा प्रकार ओळखा आणि उभयान्वयी अव्यय लिहा. यासाठी बरीच मुलं एक सोपी यादी पाठ करतात. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ दिसलं की संयुक्त. ‘की’, ‘कारण’, ‘जर-तर’ दिसलं की मिश्र. काहीच दिसलं नाही तर केवल. या यादीवर बरेच गुण मिळतात, आणि ती फसते तेव्हा का फसली हे मुलांना कळत नाही. ते कळावं असं मला मनापासून वाटतं, कारण खरं व्याकरण तिथेच सुरू होतं.

एकच घटना घेऊ. पाऊस आला, सामना रद्द झाला. ती तीन तऱ्हांनी सांगता येते.

‘पाऊस आल्यामुळे सामना रद्द झाला.’ इथे गोष्टी दोन घडल्या, तरी वाक्य पुरं करणारं क्रियापद एकच आहे : ‘झाला’. ‘आल्यामुळे’ हे धातूपासून बनलं असलं तरी त्यावर वाक्य थांबत नाही. म्हणून हे केवल वाक्य. अव्ययांच्या आधी क्रियापदं मोजावीत, ती याचसाठी. ‘आईनं भाजी आणि फळं आणली’ यात ‘आणि’ आहे, पण ते दोन शब्द जोडतं, दोन वाक्यं नव्हे. क्रियापद एकच, तेव्हा हेही केवलच.

‘पाऊस आला म्हणून सामना रद्द झाला.’ आता पूर्ण क्रियापदं दोन झाली. दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी आहेत आणि दुसरं पहिल्याचा परिणाम सांगतं. ‘म्हणून’ इथे परिणामबोधक, वाक्य संयुक्त.

‘सामना रद्द झाला, कारण पाऊस आला.’ अर्थ तोच, पण मांडणी बदलली. मुख्य विधान सामन्याचं आहे आणि ‘कारण’नं सुरू होणारं वाक्य त्याच्या आधारानं आलं आहे. ते गौण, अव्यय कारणबोधक, वाक्य मिश्र. वाक्याचा प्रकार घटनेवरून ठरत नाही, ती कशी मांडली यावरून ठरतो.

आता यादी जिथे हमखास दगा देते ते वाक्य पाहा : ‘सामना वेळेवर सुरू व्हावा म्हणून मैदान झाकून ठेवलं.’ यातही ‘म्हणून’ आहे, पण वाक्य मिश्र आहे. ‘सुरू व्हावा’ ही घडलेली गोष्ट नाही, तो हेतू आहे. मैदान कशासाठी झाकलं, याचं उत्तर त्यात आहे. ‘म्हणून’च्या जागी ‘त्यामुळे’ ठेवून पाहावं. पावसाच्या वाक्यात ते चपखल बसतं. इथे ‘सामना वेळेवर सुरू व्हावा, त्यामुळे मैदान झाकून ठेवलं’ हे कानाला खटकतं. ‘यासाठी’ मात्र चालतं. तेव्हा हा ‘म्हणून’ उद्देशबोधक. क्रियापदाच्या शेवटचे ‘-वा’, ‘-वी’, ‘-वं’ हीसुद्धा चांगली खूण आहे.

‘की’चंही असंच. ‘तू येतोस की मी निघू?’ यात दोन पर्यायांतून निवड आहे, म्हणून विकल्पबोधक आणि संयुक्त. ‘पंच म्हणाले, की खेळ थांबवा’ यात ‘की’पुढचं वाक्य पंच काय म्हणाले ते सांगतं, म्हणजे ते नामवाक्य; अव्यय स्वरूपबोधक, वाक्य मिश्र. ‘पाऊस थांबला की खेळू’ यात अट आहे, म्हणून संकेतबोधक आणि पुन्हा मिश्र.

या वर्गवारीलाही मर्यादा आहेत. बोलताना आपण सहज म्हणतो, ‘सामना रद्द झाला, पाऊस आला म्हणून.’ इथे ‘म्हणून’ आधीच्या वाक्याला चिकटून त्याच्यासकट मागे सरकलं आणि कारण सांगू लागलं. माझ्या कानाला हे ‘कारण’च्या वाक्याइतकंच मिश्र वाटतं. परीक्षेतली वाक्यं सहसा सरळ क्रमानं येतात आणि तिथे परिणामबोधक हेच उत्तर अपेक्षित असतं. पण एखाद्या मुलानं ही शंका काढली, तर त्याला गप्प बसवू नये. त्यानं भाषा नीट ऐकली आहे.

काही वाक्यांत तर नुसत्या अक्षरांवरून निर्णय होतच नाही. ‘गाडी सुटली म्हणून त्यानं कळवलं.’ गाडी चुकली आणि त्यामुळे त्यानं निरोप धाडला, असा अर्थ घेतला तर हे संयुक्त. ‘गाडी सुटली’ हाच निरोप होता असं धरलं तर ‘म्हणून’ स्वरूपबोधक आणि वाक्य मिश्र. मागचा-पुढचा मजकूर दिला नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील, आणि असं सुटं वाक्य प्रश्नपत्रिकेत घालूच नये.