निकाल कसाही लागो, भेट खोटी ठरू नये

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा ठरला तरी तो एका दिवसात होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्ज करण्याआधी नवराबायको किमान वर्षभर वेगळे राहत असावे लागतात. अर्ज दाखल झाल्यावर साधारण सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा न्यायालयात जाऊन 'हो, आमचं ठरलंय' असं सांगायचं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने योग्य प्रकरणांत माफ करता येतील असं सांगितलं, पण म्हणून ते सगळ्यांनाच माफ होतात असं नाही. आणि निकाल होईपर्यंत दोघांपैकी कोणीही आपली संमती मागे घेऊ शकतं.

भेटवस्तूंबद्दलच्या लेखात हा कायदा कशाला, असं वाटेल. मला तर या विषयातली सगळ्यात उपयोगी माहिती हीच वाटते. आपली मैत्रीण ज्या काळातून जात असते, त्या काळात काहीच संपलेलं नसतं. कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक दोघांशी बोलत असतात, वकील कलमांवर घासाघीस करत असतात, कधी मुलाच्या परीक्षेसाठी तारीख पुढे ढकललेली असते. क्वचित दोघं पुन्हा एकत्र राहायलाही जातात. अशा वेळी 'सुटलीस एकदाची' असं लिहिलेला केक घेऊन जाणारी मैत्रीण पुढे त्या घरात जेवायला कशी जाणार? हल्ली घटस्फोटाच्या पार्ट्या होतात, त्यांचे व्हिडिओही फिरतात. ज्याने त्याने स्वतःसाठी पार्टी ठेवली तर प्रश्न नाही. दुसऱ्याने ठेवली की तो निवाडा होतो.

म्हणून भेट निवडताना मी एकच कसोटी लावते. उद्या हे दोघं परत एकत्र आले किंवा वर्षभराने वेगळे झाले, तरी ही वस्तू आणि तिच्यासोबतची चिठ्ठी तितकीच खरी राहील का? चांदीचं पेंडंट आणि 'नव्या आयुष्याच्या शुभेच्छा' हे नापास. 'नात्यात कुठे चुकतं' छापाची पुस्तकंही नापास, कारण तसं पुस्तक देणं म्हणजे तुझं कुठे चुकलं ते वाच असं सांगणं. ग्रहशांतीसाठीचा खडा किंवा ओळखीच्या गुरुजींचा नंबर तर भेटीत धरूच नये.

एक प्रसंग नीट उलगडून बघू. मैत्रीण पस्तिशीची आहे, नोकरी करते. राहत्या घरातून बाहेर पडून तिने दुसऱ्या भागात भाड्याने एक बीएचके घेतलाय. आठ वर्षांचा मुलगा आठवड्याचे पाच दिवस तिच्याकडे आणि शनिवार-रविवार बाबांकडे असतो. बाहेर पडताना तिने कपडे, मुलाची पुस्तकं, स्वतःची कागदपत्रं घेतली. स्वयंपाकघर मागे राहिलं. सगळं आणायचं तर पुन्हा त्या घरात जाऊन भांड्यांची वाटणी करायची, आणि तेवढं त्राण उरलेलं नसतं. नव्या घरी पहिल्या रात्री चहाला गाळणं नसतं, फोडणीला मोहरी नसते. आणि 'कुकर तिकडेच राहिला' असं प्रत्येकाला सांगत बसावं लागतं.

इथे मिसळणाचा डबा उत्तम, पण भरलेला. मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथ्या, धने-जिऱ्याची पूड आणि गोडा मसाला अशा सात वाट्या भरायच्या, हिंगाची डबी वेगळी. सोबत गाळणं, सांडशी, पोळपाट-लाटणं. कुकर द्यायचाच तर दोन-तीन लिटरचा. पाच लिटरचा दोन माणसांना उगाच मोठा पडतो आणि रिकामपणाची आठवण करून देतो. हे सगळं मध्यम दर्जाचंच घ्यावं. खर्च वाटून घ्यायला दोन-तीन मैत्रिणी असतील तर बरंच, मात्र तेवढ्यासाठी नवा ग्रुप काढू नये. त्या ग्रुपवर कुकरपेक्षा नवऱ्याची चर्चा जास्त होते.

मध्यम दर्जाचं असं म्हटलं त्याला कारण आहे. भेट जड झाली की घेणाऱ्याला काहीतरी परत द्यावंसं वाटतं, आणि या काळात तिच्याकडे द्यायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे हकीकत. दहा हजारांची वस्तू हातात पडल्यावर ती खुर्चीत बसते आणि न विचारता सगळं सांगू लागते. रात्री तिला वाटतं, एवढं कशाला बोलले. आपण एकही प्रश्न विचारलेला नसतो, तरी चौकशी झालेली असते. भेट घेतल्या घेतल्या समोरची व्यक्ती खुलासे द्यायला लागली, तर वस्तू जड झाली असं समजावं आणि विषय मुलाच्या शाळेच्या बसकडे वळवावा.

जेवणाच्या डब्यालाही हेच लागू. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नाही अशी रीत आहे. एरवी छान रीत, पण कोर्टाच्या तारखांच्या आठवड्यात कुणाच्या तरी स्टीलच्या डब्यात काय घालून द्यावं हा विचार नको असतो. म्हणून श्रीखंडाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यातून द्यावं, जो परत करायचा प्रश्नच येत नाही. 'काही लागलं तर सांग' या वाक्यात काय लागेल हे शोधायचं काम तिच्यावरच टाकलेलं असतं. त्यापेक्षा असं लिहावं: 'गुरुवारी संध्याकाळी सातला थालीपीठाची भाजणी आणि लसणाची चटणी वॉचमनकडे ठेवते. फोन करायची गरज नाही. गुरुवार जमत नसेल तर फक्त दुसरा वार कळव.' यात वेळ, पदार्थ, जागा सगळं ठरलेलं आहे आणि दार उघडून चेहरा दाखवायची सक्ती नाही. भाजणी यासाठी की ती टिकते. पहिल्या आठवड्यात सगळेच पुलाव आणून देतात आणि तो तिसऱ्या दिवशी टाकून द्यावा लागतो.

चिठ्ठीत किंवा व्हॉट्सअॅपवर काय लिहिता याकडे जास्त लक्ष द्यावं, वस्तूपेक्षाही. प्रकरण संमतीचं असलं तरी ते फिसकटून लढाईचं होऊ शकतं, आणि मग मेसेजचे स्क्रीनशॉट वकिलांच्या फाइलमध्ये जातात. 'मला आधीपासूनच तो असला वाटायचा' हे वाक्य आपण प्रेमाने लिहिलं, पण पुढे ते आपल्यालाच साक्षीदार करून बसवू शकतं. दोघं एकत्र आले तर ते वाक्य त्या घरात कायमचं राहतं. 'आठवण झाली. हे तुझ्यासाठी.' एवढं पुरतं. त्याचं नाव नको, कोर्टाचा उल्लेख नको, 'धीर धर' पण नको.

तारखेच्या दिवसासाठी एक भेट मात्र नेमकी उपयोगी पडते, ती म्हणजे कप्पे असलेली चांगली जाड फाइल. लग्नाचा दाखला, लग्नातला फोटो, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाची कागदं, त्या सगळ्याच्या झेरॉक्स असा पसारा प्लॅस्टिकच्या पिशवीतून न्यावा लागतो आणि नाव पुकारल्यावर हवा तो कागद सापडत नाही. फाइल रिकामीच द्यावी आणि आत काय लावलं हे विचारू नये. सोबत पॉवर बँक द्यावी, कारण सकाळी अकराची वेळ दिली तरी पुकारा कधी होईल सांगता येत नाही. बरोबर जायचं असेल तर 'येऊ का?' एकदाच विचारायचं. तिला बाहेर बाकावर एकटं बसायचं असू शकतं.

पैशाचं थोडं सांभाळून. पोटगीचा वाद असेल तर दोन्ही बाजूंना आपल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा नमुनाच घालून दिला. अशा वेळी आपण प्रेमाने खात्यावर टाकलेले साठ हजार विरुद्ध बाजूच्या वकिलासाठी 'दुसरं उत्पन्न' होऊ शकतात. शिवाय मित्रमैत्रिणी आयकराच्या भाषेत नातेवाईक नसतात, आणि अशा भेटींची वर्षभराची बेरीज पन्नास हजारांवर गेली की ती सगळी रक्कम करपात्र ठरते. मोठी मदत करायचीच असेल तर ती उसनी आहे असं दोघांच्या सहीने साध्या कागदावर लिहून ठेवावं आणि तिने ते आपल्या वकिलाला सांगावं. नाहीतर दोन महिन्यांच्या पोळीभाजीच्या डब्याचे पैसे परस्पर डबेवाल्या काकूंना द्यावेत.

आतापर्यंत मैत्रिणीबद्दल बोलले, कारण पुरुषांना या काळात बहुधा काही मिळतच नाही. मित्र 'चल बसू' म्हणतात, दोन पेग होतात, बायकोला नावं ठेवली जातात आणि सकाळी तो पुन्हा रिकाम्या फ्लॅटमध्ये. ज्याच्याकडे मुलगा शनिवार-रविवार येतो त्याला सगळ्यात जास्त लागतो तो दुसरा संच: दात घासायचा ब्रश, कंपास पेटी, रात्रीचा पायजमा, एखादा कॅरम. या वस्तू बाबांच्या घरी आधीच असल्या की शुक्रवारी दप्तर उलटं करून 'आईने पट्टी दिली नाही' हा वाद होत नाही. मुलाला द्यायची भेट मात्र दोन्ही घरांत नेता येईल अशी असावी. मोठी सायकल एका घरात अडकते आणि मग ती कुणाची यावरून भांडण.

दोघांशीही मैत्री असेल तर दिवाळीच्या फराळाचे दोन डबे भरावेत, दोन्हींत तेच आणि तेवढंच. तिच्याकडे गेल्यावर त्यालाही दिला हे लपवायचं नाही, आणि मुद्दाम सांगायचंही नाही. 'तो कसा दिसतोय?' असं तिने विचारलं तर 'ते तूच त्याला विचार, मी तुमच्यामध्ये निरोप नेणार नाही' असं हसून, पण पहिल्याच वेळी सांगावं. तिसऱ्या वेळी सांगितलं की ते बाजू बदलल्यासारखं वाटतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं मात्र वेगळं बोलायला हवं. घटस्फोट चाललाय म्हटल्यावर अनेक घरांतून आमंत्रण बंद होतं, आणि तसं कोणी बोलूनही दाखवत नाही. आपल्या घरी तिला दरवर्षीसारखंच बोलवावं, सगळ्यांना जे वाण तेच तिला. तिच्यासाठी खास महागडं काही ठेवलं तर बाकीच्यांच्या नजरा तिकडे वळतात. ती आली नाही तर दुसऱ्या दिवशी तिळगूळ आणि वाण पोचवावं, का आली नाहीस हे न विचारता. हे अगदी निकाल लागून गेल्यावरच्या वर्षीही करावं, कारण पहिले तीन महिने घर माणसांनी भरलेलं असतं. खात्यांवरची नावं बदलायला आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार नव्याने करायला ती निघते तेव्हा सोबत बहुतेक कोणी नसतं. त्या दिवशी अर्धी रजा टाकून रजिस्ट्रेशनला साक्षीदार म्हणून सही करायला जाता आलं, तर दुकानातून काही आणायची गरजही पडणार नाही.