‘बघू’ म्हणत लटकवून ठेवणारं नातं

मोबाइलवरच्या मीममध्ये हल्ली तीन शब्द सारखे दिसतात. मुलं वाचून हसतात, घरातल्या मोठ्यांना मात्र अर्थ लागत नाही. सिच्युएशनशिप म्हणजे रोजचं बोलणं-भेटणं आहे, पण नात्याला नाव नाही. घोस्टिंग म्हणजे काही न सांगता भुतासारखं गायब होणं. ब्रेडक्रम्बिंग म्हणजे पावाचा चुरा टाकत राहणं. नातं पुढे न्यायचं नसतं, पण समोरच्याने आस सोडू नये म्हणून अधूनमधून एखादा गोड मेसेज टाकायचा. यातलं तिसरं जास्त दिवस छळतं, म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

समजा, वीस वर्षांची एक मुलगी आहे. पहिला महिना त्या मुलाशी रोज बोलणं झालं. मग नऊ दिवस काहीच नाही. दहाव्या रात्री साडेअकराला ‘आठवण येते’ असा मेसेज आला. तिने ‘भेटू या का?’ विचारलं, तर ‘बघू, कामात आहे’. पुन्हा बारा दिवस शांतता. आता ती उशीखाली फोन ठेवून झोपते, रात्री चार वेळा उठून बघते, आणि आपलंच काही चुकलं असं धरून बसते.

ही तिची मूर्खता नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दरवेळी दाणा मिळणारं कबूतर दाणा बंद झाला की लवकर थांबायचं. ज्याला दाणा कधी मिळे, कधी नाही, ते मात्र बंद झाल्यावरही बराच वेळ चोच मारत राहायचं. केव्हा मिळेल याचा नेम नसला, की आस सुटत नाही. माणसाचंही तसंच होतं.

मग खरंच कामात असलेला माणूस ओळखायचा कसा? तो आज जमलं नाही तर स्वतःहून दुसरा दिवस सांगतो. म्हणून एकदाच सरळ विचारावं, ‘रविवारी भेटून आपलं काय ते ठरवू या का?’ ‘हो’ किंवा ‘नाही’ आलं, तर विषय स्पष्ट झाला. दोनदा ‘बघू’ आलं, तर तेही उत्तरच आहे. ‘मी आता थांबते’ एवढं कळवून बोलणं बंद करावं. त्यानंतर बहुधा आणखी गोड मेसेज येतो. त्याला उत्तर दिलं, की वाट पाहणं पुन्हा सुरू.

एक लक्षात ठेवा. समोरचा धमकी देत असेल, फोटोवरून घाबरवत असेल, तर न सांगता ब्लॉक करणं म्हणजे घोस्टिंग नव्हे. ते स्वतःला वाचवणं आहे. पण आधी त्या मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा आणि घरात विश्वासाच्या माणसाला सांगा.

आईवडिलांनी फोन हिसकावू नये. मग मूल सांगायचंच बंद करतं. झोप, जेवण किंवा अभ्यास दोन आठवड्यांहून जास्त बिघडला, तर सरकारी टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोलावं. मरणाची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबू नये आणि मुलाला एकटं सोडू नये.