दोनच पर्याय, आणि अशक्यतेचा पुरावा

समजा, एका शाळेत सकाळी सातला जादा तास घ्यायचे आहेत. प्रत्येक शिक्षकाने आपल्या तासासाठी दोन वार दिले आहेत. दहावीचे मराठी सोमवारी किंवा मंगळवारी, बीजगणित सोमवारी किंवा बुधवारी, विज्ञान बुधवारी किंवा मंगळवारी. नववीची भूमिती सोमवारी किंवा गुरुवारी. दहावीच्या मुलांना एका सकाळी एकच तास घेता येणार आणि बीजगणित-भूमिती एकच सर शिकवतात. वेळापत्रक बसेल का?

चार तास असतील तर कागदावर खाडाखोड करून बसवता येईल. पण चाळीस तास असले, तर दोन-दोन पर्यायांच्या एकूण जुळण्या एक लाख कोटींच्या वर जातात. त्या एकेक करून तपासत बसण्याची गरज नसते. प्रत्येक गोष्टीला दोनच पर्याय आणि प्रत्येक अट फार तर दोन गोष्टींमधली, एवढी मर्यादा पाळली असेल तर असा प्रश्न संगणक अटींच्या संख्येच्या प्रमाणात लागणाऱ्या वेळात सोडवतो. या प्रश्नाला टू-सॅट म्हणतात. त्याची एक रीत बेंग्ट अस्पवॉल, मायकेल प्लास आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९७९ साली मांडली. प्रत्येक अट बाणांच्या रूपात लिहायची, ही तिची किल्ली.

मराठी आणि बीजगणित दोन्ही सोमवारी नकोत, ही अट घ्या. तिच्यातून एक ‘जर-तर’ निघते: मराठी सोमवारी ठेवले, तर बीजगणित बुधवारीच जाणार. आणि तिचीच दुसरी बाजू: बीजगणित सोमवारी ठेवले, तर मराठी मंगळवारीच जाणार. एका अटीचे असे दोन बाण. आता कागदावर प्रत्येक तासाचे दोन ठिपके काढू, एकेका पर्यायाचा एकेक, म्हणजे एकूण आठ. बीजगणित आणि विज्ञान यांची टक्कर बुधवारी होते, विज्ञान आणि मराठी यांची मंगळवारी, बीजगणित आणि भूमिती यांची सोमवारी. चार टकरींचे आठ बाण झाले. हा झाला ‘जर-तर’चा आलेख.

बाण धरून चालत गेले की आलेख बोलू लागतो. मराठी सोमवारी, म्हणून बीजगणित बुधवारी, म्हणून विज्ञान मंगळवारी, म्हणून मराठी सोमवारी. आपण निघालो तिथेच परत आलो. हे तीन ठिपके एकमेकांना बांधलेले आहेत: एक स्वीकारला की तिन्ही स्वीकारावे लागतात. ज्या ठिपक्यांत कुठूनही कुठेही बाणांच्या दिशेनेच पोहोचता येते, अशा गटाला इथे ‘घट्ट गट’ म्हणू. संगणकशास्त्रात तो स्ट्राँगली कनेक्टेड कॉम्पोनंट. उरलेले तीन पर्याय, म्हणजे मराठी मंगळवारी, विज्ञान बुधवारी, बीजगणित सोमवारी, यांचाही असाच दुसरा घट्ट गट होतो. अटीचे दोन्ही बाण काढल्यामुळे आलेखाची एक बाजू दुसऱ्या बाजूचे उलटे प्रतिबिंब असते, आणि पुढचा सगळा युक्तिवाद याच गुणावर उभा आहे. प्रोग्रॅम लिहिताना नेमका दुसरा बाण विसरला जातो. मग खरा विरोध नजरेतून निसटतो आणि भलतेच वेळापत्रक ‘बसले’ म्हणून बाहेर पडते.

आता शाळेत दोन बातम्या येतात. गुरुवारी सकाळी नववीची कवायत ठरली आहे, त्यामुळे भूमिती गुरुवारी नको. आणि विज्ञानाच्या बाईंचे मंगळवारी प्रशिक्षण आहे, त्यामुळे विज्ञान मंगळवारी नको. एकच पर्याय उरला, हेही बाणानेच सांगतात: नको असलेल्या ठिपक्यापासून त्याच तासाच्या दुसऱ्या ठिपक्याकडे एक बाण. म्हणजे ‘भूमिती गुरुवारी’ पासून ‘भूमिती सोमवारी’ कडे आणि ‘विज्ञान मंगळवारी’ पासून ‘विज्ञान बुधवारी’ कडे. फक्त कवायत असती, तर काम झाले असते: भूमिती सोमवारी, बीजगणित बुधवारी, विज्ञान मंगळवारी, मराठी सोमवारी. फक्त प्रशिक्षण असते, तरी झाले असते: विज्ञान बुधवारी, बीजगणित सोमवारी, मराठी मंगळवारी, भूमिती गुरुवारी. दोन्ही एकत्र आल्या की साखळी अशी होते:

भूमिती सोमवारी → बीजगणित बुधवारी → विज्ञान मंगळवारी → विज्ञान बुधवारी → बीजगणित सोमवारी → भूमिती गुरुवारी → भूमिती सोमवारी

वर्तुळ पुरे झाले. मराठीचे दोन्ही ठिपकेही त्यात ओढले जातात आणि आठही ठिपक्यांचा एकच घट्ट गट होतो. भूमिती सोमवारी ठेवली तर गुरुवारी ठेवावी लागते, आणि गुरुवारी ठेवली तर सोमवारी. वेळापत्रक अशक्य आहे, आणि हे वर्तुळच त्याचा पुरावा.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. ‘भूमिती सोमवारी’ पासून ‘भूमिती गुरुवारी’ पर्यंत केवळ एकेरी वाट असली, तर तो विरोध नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की भूमिती गुरुवारी ठेवावी. अशक्यता सिद्ध होण्यासाठी जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वाटा लागतात. म्हणजेच एकाच तासाचे दोन्ही ठिपके एकाच घट्ट गटात सापडायला हवेत.

असे कुठेच झाले नाही, तर वेळापत्रक नक्की बसते का? बसते, आणि मला या रीतीचा सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. ज्याच्यातून बाहेर एकही बाण जात नाही, असा घट्ट गट शोधा आणि तो सगळा स्वीकारा. बाहेर बाण नसल्याने नवे बंधन काही येत नाही. त्याच्या प्रतिबिंबातला गट सोडावा लागतो, पण उलटेपणामुळे त्याच्यात बाहेरून एकही बाण येत नाही, म्हणून तो सोडल्याने कुणाचे काही बिघडत नाही. दोन्ही गट पुसून टाका आणि उरलेल्या आलेखावर तेच करा. घेतलेला निर्णय मागे घ्यायची वेळ कधीच येत नाही.

हे गट शोधण्याची टार्जन यांची १९७२ सालची पद्धत आलेखावरून एकदाच फिरते आणि ज्यांच्यातून बाण बाहेर जात नाहीत ते गट आधी हाती देते. म्हणून प्रत्येक तासाचा जो पर्याय आधी सापडलेल्या गटात असेल, तो घ्यायचा. भारतात जन्मलेले एस. राव कोसाराजू यांची पद्धत दोन फेऱ्या मारते, दुसरी उलट्या बाणांवरून. तिच्या नेहमीच्या मांडणीत क्रम उलटा येतो, त्यामुळे नंतर सापडलेला पर्याय घ्यावा लागतो. या दोन क्रमांची गल्लत झाली की उत्तर चुकते. ते पकडणे सोपे आहे: तयार वेळापत्रकावर प्रत्येक अट एकदा तपासून पाहायची.

एखाद्या शिक्षकाने तीन वार दिले, की मात्र ही रीत थांबते. सोमवार गेला तर मंगळवार किंवा बुधवार, असा बाण काढताच येत नाही. त्याला फाटे फुटतात. तीन-तीन पर्यायांच्या अटींचा सर्वसाधारण प्रश्न पटकन सोडवणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि ती बहुधा नसावीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरी मर्यादा अधिक अनपेक्षित आहे. सगळ्या अटी जमत नसतील, तर कमीत कमी किती मोडाव्या लागतील, हा प्रश्न दोनच पर्याय असतानाही तितकाच अवघड असल्याचे १९७६ साली सिद्ध झाले. आपल्या शाळेचे उदाहरण लहान आहे, म्हणून तिथे वर्तुळ पाहूनच मार्ग दिसतो: कवायत हलवा किंवा प्रशिक्षणाची तारीख बदलून घ्या, दोन्हींपैकी एक पुरे.