खरा मुद्दाच चकवा देतो

विद्यार्थ्यांची वादविवाद स्पर्धेची तयारी घेताना मी कागदावर डावीकडे मूळ प्रश्न लिहून घेतो आणि उजवीकडे प्रत्येक वक्त्याचा मुद्दा. मग मुद्द्यागणिक एकच तपासायचं: हा पूर्ण खरा मानला, तर मूळ प्रश्नाचं उत्तर बदलतं का? बदलत नसेल, तर तो रेड हेरिंग.

हा शब्दप्रयोग रुळला तो विल्यम कॉबेटमुळे. सशामागे लागलेल्या शिकारी कुत्र्यांना आपण लहानपणी धुरावलेल्या हेरिंग माशाच्या वासाने भलतीकडे नेलं, असं १८०७ मध्ये लिहून त्याने नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावणाऱ्या वृत्तपत्रांना झोडपलं.

ही बातमी खोटी होती. पण चांगल्या रहस्यकथेतला चकवा सहसा खरा असतो. कॉनन डॉइलच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये नोकर बॅरीमोर रात्री खिडकीत मेणबत्ती धरतो. वॉटसनला संशय येतो, आपल्यालाही येतो. बॅरीमोर खरोखरच काही लपवत असतो: बायकोचा फरार भाऊ माळावर दडलाय, त्याला तो खूण करतोय. उलगडा झाला तरी सर चार्ल्सच्या मृत्यूचं कोडं होतं तिथेच राहतं.

पुण्यातला सर्वांत शिकण्याजोगा नमुना १८९१च्या संमतिवयाच्या वादाचा. कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी दासी पतीच्या शरीरसंबंधामुळे दगावली होती. संमतिवय दहावरून बारा करावं का, हा प्रश्न होता. विरोधकांनी गर्भाधान संस्काराचा मुद्दा काढला: बाराच्या आत ऋतू प्राप्त झाला, तर कायदा धर्माच्या आड येईल. त्याला उत्तर द्यायला डॉ. रा. गो. भांडारकर ग्रंथ घेऊन उतरले. हा संस्कार पुढे ढकलता येतो, असं त्यांनी सप्रमाण दाखवलं. टिळकांनी प्रतिवाद केला. दोन्हीकडचं पांडित्य अस्सल होतं. पण यांतलं कुणाचंही म्हणणं मान्य केलं, तरी अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराला इजा होते की नाही, हे त्यातून कळत नाही. चकव्याला चोख उत्तर देणाराही चकव्याच्याच वाटेने चालतो, हे मला इथे दिसतं. भांडारकरांचा नाइलाज मला समजतो. गप्प राहिले असते, तर शास्त्र विरोधकांच्याच बाजूचं ठरलं असतं.

टिळकांचा दुसरा आक्षेप मात्र विद्यार्थी घाईने चकव्यात ढकलतात, तेव्हा मी थांबवतो. परकीय सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, असं ते म्हणत होते. ‘मुलीला संरक्षण हवं का’ या प्रश्नापुढे हा मुद्दा गैरलागू आहे. ‘हा कायदा या सरकारने करावा का’ या प्रश्नापुढे तोच कळीचा आहे. १९ मार्च १८९१ला मंजूर झालेल्या त्या एका विधेयकात हे दोन्ही प्रश्न गुंतलेले होते. म्हणून हा वाद घेतला की आम्ही डावीकडे दोन ओळी लिहितो आणि प्रत्येक मुद्दा दोन्हींपुढे वेगवेगळा तपासतो.